कालवडीचं लसीकरण कार्ड वाचताना या चुका टाळा

कार्डावरची शेवटची तारीख बघून "सहा महिने झाले नाहीत, चालेल अजून" म्हणणारे पुष्कळ आहेत. थकलेला डोस बहुतेक वेळा तिथेच नजरेतून सुटतो. एक कार्ड घेऊन बघू.

कालवडीचा जन्म 12 नोव्हेंबर 2024. कार्डावर नोंदी तीनच: 20 मार्च 2025 लाळ्या-खुरकूत, 28 मे घटसर्प आणि फऱ्या, 10 ऑगस्ट "जंताचं औषध दिलं". आज आहे 10 ऑक्टोबर 2025.

लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी असते, म्हणून 20 सप्टेंबरला डोस यायचा होता आणि वीसच दिवस उशीर झाला, असं वाटतं. पण 20 मार्चचा डोस तिच्या आयुष्यातला पहिला होता. पहिल्या डोसानंतर साधारण महिन्याने बूस्टर लागतो, सहा महिन्यांचं चक्र त्यानंतर सुरू होतं. म्हणजे डोस एप्रिलपासूनच थकलाय. म्हणून वासराच्या कार्डावर आधी जन्मतारीख बघा आणि कोणता डोस पहिला होता ते ठरवा. डॉक्टरांनाही "बूस्टर झालेला नाही" असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते नेहमीचा सहामाही डोस समजून देतील. आता एक डोस पुरेल की महिन्याने आणखी एक लागेल, हे त्यांना ठरवू द्या.

घटसर्प-फऱ्या वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. ते ठीक आहे, पुढची वेळ मे 2026.

आता कार्डावर जे नाहीच, ते बघा. ब्रुसेलोसिसची लस फक्त मादी वासरांना, 4 ते 8 महिन्यांच्या वयात, एकदाच देतात. हिची मुदत 12 मार्च ते 12 जुलै होती. रकाना कोरा दिसला म्हणून आता लस मागू नका. उशिरा टोचली तर पुढे रक्ततपासणीत आजार नसतानाही तो असल्यासारखा निकाल येऊ शकतो, आणि गाभण गाईत गर्भपाताचा धोका असतो. ही संधी गेली, एवढंच कार्डावर लिहून ठेवा.

कोरा रकाना म्हणजे लस झालीच नाही, असंही लगेच धरू नका. मोहिमेत गोठ्यावर टोचलेली लस कधी कधी कार्डावर चढत नाही. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. भारत पशुधन प्रणालीत त्या क्रमांकावर नोंद आहे का, ते तिथे बघून सांगतील. कार्डावरचा आणि कानातला क्रमांक जुळतोय ना, हेही ताडून बघा. बिल्ला पडून नवा लावला असेल तर जुना क्रमांकही सांगा.

"जंताचं औषध दिलं" ही नोंद मात्र अर्धवट आहे. या वयात दर तीन महिन्यांनी औषध धरलं तर पुढची तारीख 10 नोव्हेंबर, म्हणजे अजून थकलेलं नाही. पण औषध कोणतं, किती आणि किती वजनाला, काहीच लिहिलेलं नाही. मात्रा वजनावर ठरते. अंदाज चुकून औषध कमी पडलं तर तारीख बरोबर असूनही जंत राहतात. शेण पातळ, पोट सुटलेलं, केस राठ दिसत असतील तर 10 नोव्हेंबरची वाट न बघता शेणाचा नमुना दवाखान्यात द्या.