पॉडकास्टच्या शो नोट्स लिहायला बसण्यापूर्वी

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा: हातातली ट्रान्स्क्रिप्ट कशाची आहे, कच्च्या रेकॉर्डिंगची की एडिट झालेल्या एपिसोडची? ती कच्च्या रेकॉर्डिंगची असेल तर तिच्यातल्या वेळा जशाच्या तशा उचलू नका. समजा, झोपेच्या तक्रारींवर एका डॉक्टरांशी गप्पा झाल्यात. एडिटरने सुरुवातीला ३८ सेकंदांचं संगीत जोडलंय आणि विसाव्या मिनिटाच्या आसपासचा दीड मिनिटाचा तुकडा उडवलाय. मग ट्रान्स्क्रिप्टमधलं १२:१० एपिसोडमध्ये १२:४८ होतं, पण २६:४० मात्र २५:४८ वर येतं. म्हणजे एकच आकडा सगळीकडे मिळवून भागत नाही. शक्यतो एडिटरकडून अंतिम फाइलच मागून घ्या, आणि तरीही सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी निदान तीन ठिकाणं ऐकून पडताळा. वेळ उत्तराची नव्हे, प्रश्नाची द्या, नाहीतर ऐकणारा वाक्याच्या मध्येच जाऊन पडतो. यूट्यूबवर चॅप्टर हवे असतील तर पहिली नोंद ००:०० ची लागते, आणि एकूण नोंदी किमान तीन.

मग हेडफोन लावा. आपोआप तयार झालेल्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये नावं चुकतातच. ती पाहुण्यांकडून लिहून घेतली की काम झालं. खरा धोका नकारात असतो. डॉक्टर म्हणाले, ‘गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये’, आणि कागदावर उतरलं ‘घेऊन ये’. हे स्पेलचेकला सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. म्हणून सल्ला, आकडे आणि ‘नको-नये-नाही’ असलेली जी वाक्यं नोट्समध्ये जाणार, तेवढी तरी मूळ आवाजात ऐकाच.

कीवर्डची यादी शब्द मोजून काढायची नसते. मोजले तर ‘म्हणजे’ आणि ‘आपण’ सगळ्यांत वर येतील. त्यापेक्षा प्रत्येक चॅप्टरजवळ लिहा की हा भाग शोधणारा माणूस काय टाइप करेल. डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात, लोक ‘घोरणे उपाय’ शोधतात. यादीत दोन्ही हवेत. ‘घोरण्यामुळे’, ‘घोरण्याचा’ ही रूपं गाळा, मूळ शब्द पुरे. मेलाटोनिनचा उल्लेख एकाच वाक्यात आला असेल तर तो शब्द सोडून द्या, कितीही शोधला जात असला तरी. त्यासाठी आलेल्याला एपिसोडमध्ये काहीच मिळणार नाही. माझा अंदाजपंचे नियम असा, की विषयावर दोन-एक मिनिटं तरी बोलणं झालेलं असावं.

यादी आठ-दहा शब्दांवर आली की त्यातले महत्त्वाचे दोन-तीन नोट्सच्या पहिल्या दोन ओळींत सहज बसतात का ते बघा, कारण बऱ्याच ॲपमध्ये पुढचा मजकूर ‘आणखी वाचा’च्या मागे जातो. ‘या भागात आपण ऐकणार आहोत’ने सुरुवात केलीत तर ती जागा फुकट गेली. उरलेले शब्द चॅप्टरच्या शीर्षकांत आपोआप येतात. तिथेही बसत नसलेला शब्द बहुधा या एपिसोडचा नसतोच.