लग्नाच्या वाढदिवसाला दोघांपुरता कोळंबीभात: दीड तासात, एकाच पातेल्यात

अॅनिव्हर्सरीला घरी जेवण करायचं म्हटलं की लोक सांगतात तीन पदार्थ, स्टार्टर, केक, आणि मग रात्री साडेअकराला एकजण सिंकपाशी उभा. आमच्याकडे मेनू ठरलेला, कोळंबीभात, सोलकढी आणि डेअरीतून आणलेलं श्रीखंड. लग्न डिसेंबरातलं, त्यामुळे आंब्याचा प्रश्नच नाही.

कोळंबी मध्यम आकाराची, साफ केलेली पाव किलो. कोळणीकडूनच सोलून घ्या, पण पाठीतला काळा दोरा निघालाय का ते घरी एकदा बघा, नाहीतर खाताना दाताखाली कचकच येते.

सात वाजता सुरुवात. एक वाटी बासमती धुऊन भिजत घाला. सात-आठ आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात, तीही ज्या जगातून सोलकढी वाढणार त्यातच, म्हणजे एक भांडं वाचलं. कोळंबीला हळद, मीठ, चमचाभर मालवणी मसाला. लिंबू पिळू नका, आंबटाने ती आधीच आवळायला लागते.

आता खरी गोष्ट. पहिली तीन वर्षं मी कोळंबी तांदळाबरोबरच शिजवायचो, तिसऱ्या वर्षी तर कुकरला दोन शिट्ट्या काढल्या. बायकोने एक तुकडा बराच वेळ चावला आणि म्हणाली, "अरे, हा खोडरबर कुठल्या दुकानातला?" भात मात्र छान झाला होता, म्हणून मला बरीच वर्षं कळलंच नाही की चूक मसाल्याची नाही, वेळेची आहे. तांदळाला बारा-पंधरा मिनिटं लागतात, कोळंबीला तीन-चार. त्यापुढे तिचं मांस आवळत जातं, आतलं पाणी बाहेर फेकलं जातं आणि राहतं ते रबर. मग कितीही वाफ द्या, ती परत मऊ होत नाही.

म्हणून कोळंबी दोनदा पातेल्यात जाते. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात दोन चमचे तेल चांगलं तापवा, आणि मसाल्यामुळे पाणी सुटलं असेल तर निथळून, एका थरात कोळंबी पसरा. एकावर एक ढीग घातलात तर सगळी पाणी सोडेल आणि परतायच्या ऐवजी उकडली जाईल, त्यापेक्षा दोन खेपा करा. एका बाजूला मिनिटभर, उलटून अर्धा मिनिट, की लगेच ताटलीत काढा. आतून थोडी कच्ची वाटेल, वाटू दे, हात आवरा! मी इथेच दरवेळी घाबरून अजून एक मिनिट ठेवायचो. आकाराकडे बघा, सैल वाकलेली आहे तोवर ठीक, शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून घट्ट वेटोळं झालं की गेली.

त्याच तेलात तमालपत्र, दोन लवंगा, उभा चिरलेला कांदा लाल होईपर्यंत, मग आलं-लसूण, एक टोमॅटो, दीड चमचा मालवणी मसाला. पातेल्याच्या बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या, चव तिथेच असते. निथळलेले तांदूळ हलक्या हाताने परता, सव्वा वाटी गरम पाणी, अर्धी वाटी नारळाचं दूध (२०० मिलीचा तयार पॅक आणा, मिक्सर काढलात की धुवावा लागतो), मीठ, उकळी, झाकण, गॅस बारीक, बारा मिनिटं. या बारा मिनिटांत सुरी आणि चॉपिंग बोर्ड धुऊन टाका.

पाणी आटलं आणि शीत बोटाने दाबलं तर मोडतंय, तेव्हा कोळंबी आणि ताटलीत सुटलेला रस वरून घाला, ढवळू नका, झाकण लावून एकदम बारीक गॅसवर दोन मिनिटं आणि गॅस बंद करून आणखी पाच. वाढण्याआधी सगळ्यात जाड कोळंबी मोडून बघा, आत सगळीकडे पांढरी हवी. काचेसारखी पारदर्शक दिसली तर अजून दोन मिनिटं झाकून ठेवा.

सोलकढी तेवढ्यात होते. आमसुलं कुस्करून काढून टाका, उरलेलं नारळाचं दूध, ठेचलेली लसणाची पाकळी, मिरची, थोडं पाणी. मीठ चाखूनच घाला, आमसुलं बरेचदा खारट असतात. आणि गरम करू नका.

मेणबत्त्या लावायच्या तर बिनवासाच्या, एकदा आम्ही व्हॅनिलाच्या लावल्या आणि कोळंबीला केकचा वास यायला लागला.

पातेलं सरळ टेबलावर ठेवा, वाढायला वेगळं भांडं कशाला. जेवण झालं की त्यात गरम पाणी ओतून तसंच सोडा, सकाळी नुसत्या हाताने खरड निघते. श्रीखंड डब्यातूनच खा, दोन चमच्यांनी.