हॉलमधला व्हीआर: प्लेस्टेशन ४, कॅमेरा आणि पायात न येणाऱ्या वायरी

प्लेस्टेशन व्हीआरचा पहिला हेडसेट २०१६ साली आला. आता तो जुन्या बाजारात बऱ्यापैकी स्वस्त मिळतो, म्हणून लातूर-नांदेडकडच्या घरांतही दिसू लागलाय. वायरी जोडायला अर्धा तासही लागत नाही. वेळ जातो तो खोली लावण्यात, आणि ते काम आधी करायचं असतं. प्लेस्टेशन ५ सोबतच्या व्हीआर२ला बाहेरचा कॅमेरा लागत नाही, त्यामुळे पुढचं सगळं पहिल्या हेडसेटसाठी आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या हेडसेटवर ९ निळे दिवे आहेत, त्यातले दोन मागच्या पट्ट्यावर. हातातल्या मूव्ह कंट्रोलरला रंगीत गोळा असतो आणि साध्या कंट्रोलरला उजेडाची पट्टी. टीव्हीजवळचा कॅमेरा हे दिवे पाहून तुमचं डोकं आणि हात कुठे आहेत ते ठरवतो. म्हणजे तुमच्या पाठीमागे दुसरा कुठलाही उजेड चमकला, तर तोही त्याला तुमच्याच अंगावरचा वाटू शकतो.

लातूरच्या एका फ्लॅटमधला दहा बाय बाराचा हॉल घेऊ. दहा फुटांच्या भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला दिवाण, दिवाणाच्या वर पश्चिमेची खिडकी, कोपऱ्यात आरशाचं लोखंडी कपाट आणि त्याच्या शेजारी देव्हारा. कॅमेऱ्याच्या दृष्टीने यात तीन अडचणी आहेत. दुपारनंतर खिडकीतून थेट ऊन येतं, त्यावर जाड पडदा लावा. कपाटाच्या आरशात हेडसेटचे दिवे पुन्हा दिसतात, त्यावर चादर टाका. देव्हाऱ्यातला लाल बल्ब किंवा दिवाळीची राहून गेलेली माळ खेळताना बंद ठेवा. समई तेवत असेल तर खेळ जरा थांबवा. खोली मिट्ट अंधारी करायची गरज नाही, छतावरची ट्यूबलाइट चालते.

आता कॅमेरा. त्याची उंची जमिनीपासून साधारण दीड मीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास ठेवा. टीव्ही भिंतीवर टांगलेला असेल तर त्याच्या वरच्या कडेवर कॅमेरा बसतो. टीव्ही स्टँडवर असेल तर कॅमेरा फार खाली जातो, आणि मग कंट्रोलर छातीजवळ धरला की हाताच्या मागे हेडसेटचे दिवे झाकले जातात. अशा वेळी टीव्हीमागे भिंतीवर एक छोटी फळी ठोकून घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने टीव्हीवर लावलेला कॅमेरा उन्हाळ्यात टेप सुटून खाली येतो. उभं राहून खेळणार असाल तर त्याचं तोंड थोडं खाली वळवा. तुम्ही त्याच्यापासून साधारण पाच फुटांवर असावं. दोन फुटांपेक्षा जवळ गेलात तर तुम्ही त्याच्या नजरेत पूर्ण मावत नाही. बारा फुटांच्या हॉलमध्ये दिवाण असताना हा हिशोब जेमतेम बसतो. टीव्हीपासून पाच फुटांवर तुम्ही, आणि पाठीमागे दिवाणापर्यंत उरतात तीन-चार फूट.

मग जोडणी. वायरींवर चिकटवलेल्या आकड्यांनुसार गेलात तर चूक होत नाही. टीव्हीची एचडीएमआय वायर कन्सोलमधून काढा आणि प्रोसेसर युनिट नावाच्या छोट्या काळ्या डब्याच्या टीव्ही लिहिलेल्या खाचेत लावा. डब्यासोबत आलेली दुसरी एचडीएमआय कन्सोलच्या त्याच मोकळ्या जागी घाला आणि तिचं दुसरं टोक डब्याच्या पीएस४ लिहिलेल्या खाचेत. डब्याच्या मागून यूएसबी केबल कन्सोलच्या पुढच्या यूएसबीला. कॅमेरा कन्सोलच्या मागच्या ऑक्स खाचेत जातो, तो यूएसबी नाही. शेवटी डब्याचा पॉवर अडॅप्टर, आणि मग हेडसेटची वायर. टोकावरच्या चौकोन, फुली वगैरे खुणा डब्यावरच्या खुणांशी जुळवा. प्लेस्टेशन ५ वर हेच जोडायचं असेल तर जुन्या कॅमेऱ्याला वेगळा अडॅप्टर लागतो. नव्या कन्सोलचा एचडी कॅमेरा इथे चालत नाही.

टीव्ही काळा पडला तर घाबरू नका, बहुतेकदा डब्याची पॉवर वायर निघालेली असते. हेडसेट बंद असला तरी टीव्हीचं चित्र त्या डब्यातूनच जातं, म्हणून त्याची पॉवर वायर नेहमी लावलेली हवी. पहिल्या आवृत्तीचा डबा एचडीआर पुढे पाठवत नाही. टीव्हीवर एचडीआर हवा असेल तर टीव्हीची एचडीएमआय वायर दर वेळी डब्यातून काढून थेट कन्सोलला लावावी लागते.

आता वायरीची दिशा. हेडसेटची वायर डाव्या बाजूने खाली येते. म्हणून डबा टीव्हीच्या डावीकडे ठेवा आणि वायर डाव्या खांद्यावरून पाठीमागे सोडा, म्हणजे कंट्रोलर फिरवताना हात अडकत नाही. डब्याजवळची एक-दीड फूट वायर टीव्ही टेबलाच्या पायाला कापडी पट्टीने सैल बांधा. पाय अडकला तरी ओढ टेबलावर जाते, खाचेवर नाही. एक्स्टेंशन बोर्ड टीव्हीमागे ठेवा आणि कूलरपासून लांब. कूलरचं पाणी सांडतं, आणि तो आर्द्र वारा हेडसेटवर आला की भिंगं धूसरतात. भिंगांवर ऊन पडू देऊ नका, ऊन एका ठिकाणी जमून आतली स्क्रीन जाळू शकतं.

जागेचा धोका मात्र वर असतो. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाने कंट्रोलर वर उंचावला की त्याचा गोळा सव्वासात फुटांच्या पुढे जातो. पत्र्याच्या किंवा जुन्या खोल्यांत छताचा पंखा तितक्याच उंचीवर असतो. पंखा थांबवून, हेडसेट न घालता हात वर करून एकदा बघाच. कमी पडत असेल तर पंख्याखालून सरका, नाहीतर बसून खेळा. मे महिन्यात पंखा बंद ठेवणं कोणाला जमणार नाही, म्हणून हा प्रश्न आधीच सोडवा. टीव्हीजवळ छोटा टेबल फॅन ठेवला की दुहेरी फायदा होतो: चेहऱ्याला वारा लागतो आणि वारा कुठून येतोय यावरून टीव्हीची दिशाही कळते.

या हेडसेटमध्ये हद्द दाखवणारी जाळी नाही. कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेल्यावर सूचना येते, भिंत जवळ आली म्हणून नाही. पायाखाली घसरत नाही असा रबरी पायपुसणा ठेवा. बूट काढून खेळलात तर तळव्यालाच कळतं की आपण जागेवरून हललो. सतरंजी फरशीवर घसरते. टिपॉय, पाण्याचा तांब्या आणि दाराशी उभी असलेली लहान मुलं लांब ठेवा. सोनीने हेडसेट १२ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं सांगितलं आहे, त्यामुळे चिमुकल्यांचा हट्ट टीव्हीवरच भागवा.

सगळं लावून झालं की PS बटण दाबून धरा आणि Confirm Your Position निवडा. स्वतःला कॅमेऱ्याच्या चित्रात मध्यभागी आणा. खेळताना हात थरथरताना दिसले किंवा जग एका बाजूला सरकत राहिलं, तर पडदा आणि आरसा पुन्हा पहा, मग Settings > Devices > PlayStation VR मधलं Adjust Tracking Lights चालवा. फक्त केंद्र सरकलं असेल तर OPTIONS दाबून धरलं की समोरचं चित्र पुन्हा सरळ येतं. वीज गेली आणि डोळ्यांसमोर अंधार झाला, तर पाय न हलवता आधी हेडसेट काढा.