पॅरालॅक्समध्ये किल्ला पाण्यावरून घसरतो तेव्हा: या चुका टाळा

सपाट चित्राचे थर सुटे करून, जवळचा थर जलद आणि दूरचा थर संथ सरकवला की चित्राला खोली येते, ही पॅरालॅक्सची मूळ कल्पना सर्वांना ठाऊक असते. तरीही तयार झालेली चित्रफीत पाहताना अनेकदा काहीतरी खटकते: होडी पाण्यात उभी न राहता पाण्यावरून घसरत जाते, किंवा समुद्रातला किल्ला पुठ्ठ्याच्या देखाव्यासारखा लटपटतो. दोष बहुधा रेखाटनात नसतो. कोणता थर किती सरकवायचा, हे अंदाजाने ठरवलेले असते आणि तिथेच गणित चुकते.

उदाहरणासाठी हर्णै बंदराचे एक चित्र घेऊ. ते किनाऱ्यावरील थोड्या उंच जागेवरून पाहिल्यासारखे काढलेले आहे. मागे सुवर्णदुर्गाची तटबंदी, मध्ये नांगरलेल्या होड्या, पुढे पुळणीवर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाची गर्दी आणि अगदी जवळ, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून आत आलेली माडाची झावळ. चौकट १९२० × १०८० पिक्सेलची, क्षितिजरेषा वरून ४८० पिक्सेलवर आणि दृश्य ८ सेकंदांचे. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सरळ सरकतो, एवढीच हालचाल आहे.

नवशिक्या संपादक इथे किल्ल्याला ६०, होड्यांना १२० आणि गर्दीला २०० पिक्सेल अशी नेटकी चढण देतो. दिसायला हे वाजवी वाटते, पण चित्राने आपले अंतर आधीच सांगून ठेवलेले असते. समुद्रासारख्या सपाट पृष्ठभागावर एखादी वस्तू जितकी दूर, तितका तिचा पायथा क्षितिजाच्या जवळ दिसतो; वस्तूचे अंतर दुप्पट झाले की तिचा पायथा आणि क्षितिज यांमधील उभे अंतर निम्मे होते. कॅमेरा आडवा सरकताना वस्तूचे पडद्यावरील सरकणेही याच प्रमाणात निम्मे होते. म्हणजे प्रत्येक थराचे सरकणे हे त्याचा पायथा क्षितिजाच्या किती खाली आहे, याच्या सरळ प्रमाणात असले पाहिजे.

आता चित्रावर मोजपट्टी लावू. गर्दीतल्या माणसांची पावले क्षितिजाखाली ४०० पिक्सेलवर, होड्यांची पाण्याची रेषा १५० वर आणि किल्ल्याचा पायथा फक्त २० वर आहे. गर्दी २०० पिक्सेल सरकणार असेल, तर होड्या ७५ आणि किल्ला अवघा १० पिक्सेल सरकेल. किल्ल्याला ६० दिले, तर तो पायथ्याने सांगतो त्याहून सहापट जवळ असल्यासारखा वागतो आणि डोळ्याला तो पाण्यावरून घसरताना दिसतो. १० पिक्सेल फारच कमी वाटतात, हे खरे. परंतु किल्ला जवळजवळ स्थिर राहतो म्हणूनच होड्यांचे सरकणे उठून दिसते. झावळीचा बुंधा चौकटीबाहेर असल्यामुळे तिचे प्रमाण आपण ठरवायचे. ८०० धरल्यास ती ४०० पिक्सेल सरकेल. सूर्य आणि क्षितिजरेषा मुळीच सरकत नाहीत. ढग हलवायचे असतील, तर ते वाऱ्याने हलतात असे मानून त्यांना स्वतंत्र गती द्यावी.

आफ्टर इफेक्ट्समध्ये हे हाताने करत बसण्याची गरज नाही. CAM नावाचा एक नल घ्यावा, प्रत्येक थराला स्लायडर कंट्रोल लावून त्याचे नाव Y ठेवावे आणि त्यात क्षितिजाखालचे अंतर भरावे. मग Position वर पुढील एक्स्प्रेशन लिहावे:

```
c = thisComp.layer("CAM").transform.position[0] - thisComp.width/2;
y = effect("Y")("Slider");
value - [c * y / 400, 0]
```

नल ८६० पासून १०६० पर्यंत नेला की गर्दी बरोबर २०० पिक्सेल सरकते आणि बाकीचे थर आपापल्या प्रमाणात मागे येतात. हालचाल मूळ चित्राच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जाते, याचा फायदा पुढे कळेल.

दुसरी चूक समुद्राची आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त चित्रे तीच बिघडवते. समुद्र हा उभा पडदा नाही. तो क्षितिजापासून पुळणीपर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे त्याला एकच गती दिली तर ती फक्त एका अंतरावर बरोबर ठरते. त्याचे तीन-चार पट्टे केले तरी पट्ट्यांच्या कडा एकमेकींवरून सरकताना दिसतात. आडव्या हालचालीत सरकणे क्षितिजाखालच्या अंतराच्या प्रमाणात असल्याने समुद्र खरे तर तिरका होतो. म्हणून समुद्र आणि पुळण मिळून एकच थर ठेवावा, त्याची वरची कड क्षितिजावर पक्की करावी आणि Corner Pin ने खालचे दोन कोपरे सारखेच सरकवावेत. चौकटीची खालची कड क्षितिजापासून ६०० पिक्सेलवर असल्याने हे कोपरे एकूण ३०० पिक्सेल सरकतील. दोन्ही बाजूंना १५० पिक्सेल जादा चित्र रंगवलेले नसेल, तर कोपऱ्यात रिकामी जागा उघडी पडेल. होड्या, डोलकाठ्या आणि माणसे मात्र तिरकी करू नयेत. ती जशीच्या तशी सरकवावीत.

होडीचे प्रतिबिंब पाण्यात असले तरी ते होडीबरोबरच सरकते, म्हणून ते होडीच्याच थरात ठेवावे. मावळत्या सूर्याचा पाण्यावर पडलेला सोनेरी पट्टा याच्या अगदी उलट आहे. तो नेहमी सूर्याच्या खालीच राहतो, त्यामुळे तो समुद्राच्या थरात रंगवला आणि समुद्राबरोबर तिरका झाला की पाहणाऱ्याला कारण न कळताही दृश्य खोटे वाटू लागते. पट्टा वेगळा कापून त्याला शून्य गती द्यावी.

थर सुटे करताना मागे राहणारी भोके भरण्यात विनाकारण श्रम जातात. होडीमागे झाकलेला तट पूर्ण रंगवण्याची गरज नसते. होडी ७५ आणि किल्ला १० सरकत असेल, तर उघडे पडणारे अंतर ६५ पिक्सेलचे असते आणि हालचाल दोन्हीकडे वाटलेली असल्यामुळे प्रत्येक बाजूला जेमतेम ३३. चाळीसएक पिक्सेलची पट्टी रंगवली की भागते. होडीच्या कडेला मागच्या रंगाची फिकट रेघ दिसत असेल, तर निवड एक-दोन पिक्सेल आत घेऊन पुन्हा कापावी.

सर्व प्रमाणे बरोबर असूनही किल्ला अधूनमधून टुणकन हलत असेल, तर गतीत दोष शोधू नये. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर ८ सेकंदांत २०० चौकटी होतात आणि किल्ल्याच्या वाट्याला वीस चौकटींमागे एक पिक्सेल येतो. जे सॉफ्टवेअर थराची जागा पूर्ण पिक्सेलमध्येच मोजते, ते वीस चौकटी किल्ला थांबवून एकदम पुढे ढकलते. एफएफएमपेगच्या overlay फिल्टरमध्ये असेच होते. अशा वेळी सर्व थर चौपट आकारात हलवून शेवटी चित्रफीत १९२० वर आणावी. आफ्टर इफेक्ट्समध्ये थर ड्राफ्ट दर्जावर राहिला असेल, तर तो बेस्टवर न्यावा.

हे प्रमाण दोन ठिकाणी लागू पडत नाही. पिंगुळीच्या चित्रकथीसारख्या शैलीत क्षितिजच नसते, त्यामुळे तिथे मोजायला काही उरत नाही आणि गती नजरेनेच ठरवावी लागते. कॅमेरा आडवा न जाता किल्ल्याच्या दिशेने आत जाणार असेल, तर जवळच्या वस्तू सारख्या प्रमाणात न वाढता झपाट्याने मोठ्या होतात. अशा दृश्यासाठी थर त्रिमितीत खऱ्या अंतरावर उभे करावेत. त्यांची अंतरे मात्र याच मोजमापातून काढता येतात: गर्दी १ अंतरावर धरली, तर होड्या सुमारे २.७ आणि किल्ला २० अंतरावर येतो. थर जितक्या पट मागे न्याल, तितक्याच पट तो मोठा करावा, म्हणजे पहिल्या चौकटीत चित्र मूळचे होते तसेच दिसेल.