कॉलेजच्या ग्रुपमधल्या सीनियरला पहिला मेसेज कसा करावा

समजा, तुम्ही अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकलात, आता कारंजाजवळच्या गावात राहता आणि घरच्या तुरीवर मिनी दाल मिल सुरू केली आहे. डाळीत चुरी जास्त पडते. ज्याला हे विचारता येईल असा माणूस बहुधा तुमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येच असतो.

आधी ग्रुपमधले जुने मेसेज चाळा. सर्चमध्ये ‘दाल मिल’, ‘तूर’ टाकलं की या धंद्यात कोण आहे ते कळतं. त्यातला एकच माणूस निवडा. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला, तर ते आपसात बोलतात आणि गोष्ट लपत नाही.

मग वेळ बघा. नवी तूर बाजारात येते जानेवारीपासून. तेव्हा मिलवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात, मिल थंड असताना विचारलेलं बरं.

थेट फोन नको, आधी मेसेज. ‘सर, मार्गदर्शन करा’ एवढंच लिहिलं तर समोरच्याने नेमकं काय सांगावं? बरेच मेसेज तसेच असतात, म्हणून उत्तर येत नाही. असं लिहा:

‘नमस्कार सर. मी २०१६ च्या बॅचचा, कारंजा तालुक्यातला. ग्रुपवर तुमचा मिलचा फोटो पाहिला. आमच्याकडे तुरीला तेल लावून दोन दिवस उन्हात वाळवतो, तरी चुरी जास्त पडते. वाळवणं कमी पडतं की रोलरमध्ये दोष असेल? सवडीने सांगितलं तरी चालेल.’

तुम्ही कोण, नाव कुठून मिळालं, काय करून पाहिलं आणि दोन ओळींत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न, एवढं त्यात आहे. मशीनची किंमत, अनुदान, गिऱ्हाईक हे विषय पहिल्या मेसेजमध्ये नकोत.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग थांबा. उत्तर ‘हो’, ‘बघू’ एवढंच येत असेल आणि उलट प्रश्न एकही नसेल, तर तिथेही थांबा. समोरच्याने ‘रोलर कोणता आहे?’ असं विचारलं, तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही.

सांगितलेलं करून पाहिलं की निकाल कळवा, फसला असला तरी. लोक हेच विसरतात, आणि माझ्या मते ओळख खरी इथेच होते. पुढे विद्यापीठाची शिवार फेरी असेल तेव्हा ‘सर, तुम्ही येणार आहात का?’ असं विचारा. घरी येतो म्हणण्यापेक्षा हे सोपं, कारण दोघांनाही तिथे तसंही जायचं असतं. भेटलात की आपल्या डाळीचा पावशेर नमुना दाखवा आणि चुरी कुठे पडते ते विचारा. दहा मिनिटांत, ते दुसऱ्या कोणाशी बोलू लागायच्या आत, निरोप घ्या.