पावसाळ्यात पहिल्यांदा राजगडाला निघताय? आधी हे वाचा

आमच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदा गडावर येणाऱ्यांना निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही एक छोटा व्हिडिओ पाठवतो. तो राजगडावर, गुंजवण्याच्या वाटेवर, भर जुलैत शूट केला आहे. त्यात जे सांगितलंय तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण व्हिडिओ पाहूनही बरेच जण जीन्स घालून येतात.

सुरुवात हवामानापासून. पुण्याचा अंदाज बघून राजगडाला निघू नका. शहरात नुसती रिमझिम असते तेव्हा घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतो. हवामान खातं पुणे जिल्ह्याच्या घाट भागाचा इशारा वेगळा देतं, तो बघायचा. ऑरेंज किंवा रेड असेल तर नवख्यांना घेऊन आम्ही जात नाही, गाडीचे पैसे भरलेले असले तरी. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आहे का, हेही त्याच वेळी तपासतो.

शूटिंगच्या दिवशी इशारा यलो होता, म्हणून निघालो. गुंजवण्यात चहा घेताना घरमालक मामा म्हणाले, "रात्रभर झोडपलंय वर. वढ्याकडं बघून जावा." हा सल्ला मोबाइलवर मिळत नाही, म्हणून पायथ्याच्या गावात थांबून विचारायचंच. ओढ्याशी पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढंच आणि नितळ होतं. पण परतताना तेच पाणी चहासारखं गढूळ झालं होतं, त्यात काटक्या-पाचोळा वाहत येत होता आणि तळाचे दगड दिसेनासे झाले होते. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या कड्यावर तो पडत असतो, आणि ही त्याचीच खूण. अशा वेळी पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी उतरायचं नाही. अलीकडे उंचावर जाऊन बसायचं. डोंगरातले छोटे ओढे जसे पटकन चढतात तसे पाऊस थांबला की उतरतातही. आम्ही दीड तास बसलो, मग तळ दिसू लागल्यावर एकमेकांना धरून पार झालो. सॅकचा कमरेचा पट्टा तेव्हा सोडून ठेवला होता, म्हणजे कुणाचा पाय घसरलाच तर सॅक टाकून देता येते.

तो दीड तास निभावला तो बॅगेत बरोबर सामान होतं म्हणून. प्रत्येकाकडे एक कोरडा टी-शर्ट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. भिजलेल्या अंगाने वाऱ्यात बसलं की थंडी भरते. माणूस आधी कुडकुडतो, मग गप्प होतो आणि बोलताना अडखळायला लागतो. ही लक्षणं दिसली की फोटो वगैरे बाजूला ठेवायचे, ओले कपडे बदलून त्याला मध्ये बसवायचं आणि गोड काहीतरी खायला द्यायचं. म्हणून गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की हवीच. जीन्स नको ती यासाठीच: भिजली की जड होते, वाळत नाही आणि गुडघा वाकू देत नाही. ट्रॅकपँट बरी. छत्रीऐवजी रेनकोट किंवा पोंचो घ्या, कारण चोरदरवाज्याच्या खालच्या टप्प्यात रेलिंग धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. बुटाचा तळवा उलटा करून बघा. खाचा झिजल्या असतील तर ते बूट घरीच ठेवा. पावसाळा असला तरी दोन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, रोजची औषधं, क्रेप बँडेज, शिट्टी आणि टॉर्च बरोबर हवी. मोबाइलची टॉर्च धरू नका, बॅटरी फोन लावायला राखायची असते.

चोरदरवाज्याची वाट अरुंद आहे आणि रविवारी तिथे चढणारे-उतरणारे समोरासमोर येऊन खोळंबतात. त्यामुळे वेळेचा हिशेब आधीच ठरवा. नवख्या माणसाला चढायला साधारण तीन तास आणि ओल्या वाटेने उतरायलाही जवळजवळ तेवढेच लागतात. वर गर्दी आणि खाली ओढा, दोन्हींसाठी दोन तास हाताशी ठेवले तर एकच्या सुमाराला गड सोडायला हवा. बालेकिल्ला राहिला असेल तर राहू द्या. धुक्यात वरून काही दिसतही नाही आणि तिथली चढण ओली असताना नवख्यांनी करण्यासारखी नाही.

विजा चमकायला लागल्या तर बुरूज, माचीची कड, एकटं झाड आणि लोखंडी रेलिंग सोडून खाली सरका. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या टप्प्यात आहे. जून सुरू व्हायच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये हे दुपारनंतर जास्त होतं, म्हणून त्या दिवसांत पहाटे निघून दुपारी पायथ्याला यायचं.

आणि घरच्या एकाला गडाचं नाव, वाट, पायथ्याचं गाव आणि परतायची वेळ मेसेज करून ठेवा. वर रेंज भरवशाची नाही. ठरलेल्या वेळेपासून तीन तासांत फोन आला नाही तर त्यांनी 112 लावायचा, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.