जेपेग फोटोत चिकटवलेला भाग शोधताय? या चुका टाळा

दोनदा जेपेग झालेल्या फोटोत खुणा राहतात आणि त्यावरून बाहेरून आणून चिकटवलेला भाग ओळखता येतो, एवढं आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. गडबड होते ती पुढे. दुहेरी कॉम्प्रेशनची खूण दिसली की लोक तिथेच बोट ठेवतात आणि म्हणतात, सापडला! बहुतेक वेळा ते बोट निर्दोष भागावर असतं.

पहिली चूक: खूण उलटी वाचणे

जेपेग फोटोचे ८×८ पिक्सेलचे ठोकळे पाडतं. प्रत्येक ठोकळ्यातल्या ६४ पिक्सेलच्या जागी ६४ कोएफिशियंट येतात, म्हणजे त्या ठोकळ्यात उजेड किती आणि किती वेगाने बदलतो ते सांगणारे आकडे. त्यातला प्रत्येक आकडा एका कोष्टकातल्या ठरलेल्या आकड्याने भागला जातो आणि उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणलं जातं. फोटोचं खरं नुकसान इथेच होतं. सेव्ह करताना आपण क्वालिटीची पट्टी सरकवतो, तेव्हा हे भाजक बदलतात.

या ६४ पैकी एकच कोएफिशियंट घेऊ: पहिल्या ओळीतला दुसरा, म्हणजे डावीकडून उजवीकडे होणारा सगळ्यात सावकाश बदल. जेपेगच्या प्रमाण कोष्टकात क्वालिटी ७० ला त्याचा भाजक ७ असतो आणि ९० ला २.

समजा, मूळ फोटो ७० वर सेव्ह झालेला होता. म्हणजे हा कोएफिशियंट फक्त ०, ±७, ±१४, ±२१ असाच असू शकतो. कोणीतरी तो उघडला, त्यात दुसऱ्या फोटोतला माणूस बसवला आणि ९० वर सेव्ह केला. आता हेच आकडे २ ने भागले जातात: ०, ३.५, ७, १०.५, १४. मधल्या काळात फोटो उघडताना पिक्सेल पूर्णांकात बदलले गेल्यामुळे किंचित कमी-जास्त झालेलं असतं, म्हणून ३.५ मधले काही ३ मध्ये पडतात आणि काही ४ मध्ये. कोणता आकडा किती ठोकळ्यांत आला ते मोजून प्रत्येक आकड्याला एक रकाना दिला, की हिस्टोग्राम तयार होतो. त्यात १, २, ५, ६, ८, ९ हे रकाने जवळजवळ रिकामे राहतात. एकदाच सेव्ह झालेल्या फोटोचा हिस्टोग्राम शून्यापासून दोन्हीकडे सावकाश उतरत जातो. इथे तो मोडक्या कंगव्यासारखा दिसतो.

आणि चिकटवलेला माणूस? त्याच्या ठोकळ्यांना या जाळीवर ७ ने कधी भागलेलंच नाही. तो स्वतः एखाद्या जेपेगमधून आला असला, तरी त्याची जुनी ८×८ जाळी नव्या जागी तंतोतंत जुळण्याची शक्यता ६४ त एक. त्यामुळे त्याचे १ आणि २ हे रकाने नैसर्गिकपणे भरलेले असतात. म्हणजे पार्श्वभूमीवर दुहेरी खूण आहे, माणसावर नाही. जिथे खूण नाही, तो भाग बाहेरचा.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. अख्ख्या फोटोवर सारखीच दुहेरी खूण असेल, तर तो फोटो दोनदा सेव्ह झाला, एवढंच कळतं. गॅलरीत उजेड वाढवून सेव्ह केलं तरी तसं होऊ शकतं.

आधी स्वतः एक बनावट फोटो करून बघा

दुसऱ्याचा फोटो तपासण्याआधी, उत्तर माहीत असलेला एक फोटो हाताशी असावा. मूळ फोटो अर्ध्या आकाराचा करा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या जेपेगच्या खुणा पुसल्या जातील. दुसरा एक फोटो तसाच लहान करून त्यातला २४०×३२० पिक्सेलचा तुकडा पीएनजीत ठेवा. मग इमेजमॅजिकच्या या दोन ओळी चालवा:

```
magick mul.jpg -resize 50% -quality 70 a.jpg
magick a.jpg tukda.png -geometry +403+251 -composite -quality 90 b.jpg
```

मग पायथनमध्ये हे चालवा:

```python
import numpy as np
from PIL import Image
from scipy.fft import dctn

im = Image.open("b.jpg")
q, dy, dx = im.quantization[0][1], 0, 0
y = np.asarray(im.convert("YCbCr"))[dy:, dx:, 0] - 128.0
h, w = y.shape[0] // 8, y.shape[1] // 8
b = y[:h*8, :w*8].reshape(h, 8, w, 8).swapaxes(1, 2)
k = np.rint(dctn(b, axes=(2, 3), norm="ortho")[:, :, 0, 1] / q)
part = k[32:71, 51:80]
for n in range(-15, 16):
    print(n, (part == n).sum())
```

`part` मधले आकडे ठोकळ्यांचे आहेत, पिक्सेलचे नाहीत. ४०३ ला ८ ने भागलं की ५० पूर्णांक काहीतरी येतं, म्हणून कडेचा अर्धवट ठोकळा सोडून ५१ पासून सुरुवात केली. या तुकड्यात १ आणि २ चे रकाने भरलेले दिसतील. मग तेवढ्याच आकाराचा पार्श्वभूमीचा भाग घ्या, तिथे तेच रकाने ओस पडलेले असतील. कडेचे ठोकळे मुद्दाम वगळायचे, कारण त्यात दोन्ही फोटोंचे पिक्सेल मिसळलेले असतात.

दुसरी चूक: खूण नाही म्हणून फोटो खरा मानणे

वरचं उदाहरण सोपं होतं, कारण दुसऱ्या वेळची क्वालिटी पहिल्यापेक्षा जास्त होती. उलट करून बघा: आधी ९०, मग ७०. आता पहिला भाजक २ आणि दुसरा ७. शून्याच्या रकान्यात -२, ०, २ असे तीन आकडे पडतात. १ च्या रकान्यात ४, ६, ८, १० असे चार, २ च्या रकान्यात पुन्हा तीन, ३ च्या पुन्हा चार. रिकामा रकाना एकही नाही, फक्त हलकासा चढउतार. मोठ्या भागात तो दिसेल, छोट्या चेहऱ्यावर नाही.

आधी ९० आणि मग ७५ असेल तर आणखी गंमत. याच कोएफिशियंटचे भाजक २ आणि ६ होतात, प्रत्येक रकान्यात बरोबर तीन-तीन आकडे पडतात आणि खूण पूर्ण नाहीशी होते. पण शेजारच्या, म्हणजे ओळीतल्या तिसऱ्या कोएफिशियंटचे भाजक २ आणि ५ असतात. तिथे तीन, दोन, तीन, दोन असा चांगला ठसठशीत चढउतार सापडतो. म्हणून एकाच कोएफिशियंटवर निकाल देऊ नका. कोडमधला `[:, :, 0, 1]` बदलून `0, 2` आणि `1, 0` हेही बघा, भाजक मात्र त्या-त्या जागेचा घ्या.

दोन्ही वेळा तेच कोष्टक असेल, म्हणजे ७० वर ७०, तर या पद्धतीने काहीच हाती लागणार नाही. पार्श्वभूमीचे आकडे जवळजवळ जसेच्या तसे राहतात आणि ती एकदाच सेव्ह झाल्यासारखी दिसते.

इथे क्वालिटीच्या आकड्यांवरही फार विसंबू नका. फोटोशॉपची ० ते १२ ची पट्टी वेगळी आणि त्याची कोष्टकंही वेगळी. `identify -format '%Q' b.jpg` जो आकडा देतं, तो प्रमाण कोष्टकाशी तुलना करून काढलेला अंदाज असतो. प्रत्यक्ष भाजक `im.quantization` मध्ये असतात, तेच वाचा.

तिसरी चूक: चुकीचा चौकोन निवडणे

निरभ्र आकाश, पांढरी भिंत, फ्लॅशने पांढराफटक पडलेला शर्ट: इथे बदलच नसतो, त्यामुळे जवळजवळ सगळे ठोकळे शून्याच्या रकान्यात जातात. १ आणि २ रिकामे दिसतात, पण ३, ४ आणि ७ सुद्धा रिकामेच असतात. हा कंगवा नव्हे. अशा भागाबद्दल ही पद्धत काही सांगू शकत नाही, आणि अहवालात तसंच लिहावं.

लहान चौकोनाचंही तेच. ६४×६४ पिक्सेलचा चेहरा म्हणजे फक्त ६४ ठोकळे. त्यातले बरेचसे शून्यात गेले, की उरलेल्या मूठभर आकड्यांवरून हिस्टोग्राम वाचणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. केस, झाडं, विटांची भिंत, छापील मजकूर असा भाग मिळाला तर तो आधी घ्या. तुलनेसाठी पार्श्वभूमीतलाही तशाच पोताचा भाग निवडा. आकाशाची तुलना दाढीशी केली, तर फरक दिसणारच.

चौथी चूक: फॉरवर्ड होऊन आलेली फाइल तपासणे

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार सहसा बदलतो आणि ते नव्याने कॉम्प्रेस होतं. आकार बदलला की जुनी ८×८ जाळी पिक्सेलवर बसत नाही आणि आधीचा कंगवा गेला. स्क्रीनशॉटचंही तेच. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तशी ती न बदलता येते. आणि आल्यावर उघडून, संशयित चेहरा क्रॉप करून, तो सेव्ह करून मग तपासायला घेऊ नका. हे फार जण करतात. त्यात तुमचंच एक कॉम्प्रेशन वाढतं आणि जाळीही सरकते.

पाचवी चूक: ईएलएच्या चित्रातला पांढरेपणा म्हणजे पुरावा समजणे

नील क्रॉवेट्झ यांनी २००७ मध्ये लोकांपुढे आणलेली ईएलए, म्हणजे एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस, ही पद्धत अनेक वेबसाइटवर एका क्लिकमध्ये मिळते. फोटो एका ठरावीक क्वालिटीवर पुन्हा सेव्ह करायचा आणि किती फरक पडला ते उजळ रंगात दाखवायचं. अडचण अशी की, ठळक कडा, अक्षरं आणि बारीक पोत असलेला भाग बनावट नसला तरी उजळच दिसतो. बॅनरवरची अक्षरं चमकली म्हणून ती नंतर घातली, असं ठरत नाही.

हॅनी फरीद यांची २००९ ची ‘जेपेग घोस्ट’ पद्धत याच कल्पनेच्या जवळची, पण शिस्तीची आहे. फोटो एकाच क्वालिटीवर न अडकता अनेक क्वालिटींवर सेव्ह करून बघायचा. चिकटवलेला भाग आधी कमी क्वालिटीवर सेव्ह झालेला असेल, तर नेमक्या त्या क्वालिटीला त्या भागातला फरक एकदम खाली जातो. मात्र त्यासाठी जाळी जुळावी लागते. न जुळल्यास फोटो आडवा-उभा एकेक पिक्सेल सरकवत ६४ जागा तपासाव्या लागतात. बटण दाबून मोकळं होणारे नेमकं हेच टाळतात.

सहावी चूक: क्रॉप झालेला फोटो तसाच तपासणे

बनावट करणारा शेवटी फोटोची कड थोडी कापतो. वरून ३ आणि डावीकडून ५ पिक्सेल कापले, की पार्श्वभूमीची जुनी जाळीही नव्या जाळीपासून सरकते. मग सगळा फोटो एकदाच सेव्ह झाल्यासारखा दिसतो. अशा वेळी वरच्या कोडमध्ये `q = 1` करा, म्हणजे भागाकार होणार नाही, आणि `dy`, `dx` ला ० ते ७ सगळ्या जोड्या देऊन बघा. `part` चा चौकोनही नव्या जाळीप्रमाणे मोजून घ्या आणि रकाने -३० ते ३० पर्यंत छापा. या उदाहरणात `dy = 5`, `dx = 3` ला आकडे ०, ७, १४, २१ च्या आसपास गोळा झालेले दिसतील. शेवटच्या कॉम्प्रेशनमुळे ते थोडे पसरतात, म्हणून टोकदार रेषा मिळणार नाहीत, उंचवटे मिळतील. शेवटची क्वालिटी फार कमी असेल, तर तेही पुसले जातात.

हीच फेरी आता फक्त संशयित चौकोनावर चालवा. तो तुकडा स्वतः जेपेगमधून आलेला असेल, तर त्याचे उंचवटे दुसऱ्याच `dy`, `dx` ला उभे राहतात, कदाचित ७ ऐवजी ५ च्या पटीत. एका फोटोत दोन जाळ्या आणि दोन भाजक सापडले, की त्या तुकड्याला आधीचा वेगळा इतिहास आहे हे पक्कं झालं. तो तुकडा म्हणजे कोपऱ्यातला वर्तमानपत्राचा लोगो आहे की सभेतला माणूस, हे मात्र डोळ्यांनीच बघावं लागतं.